उलट-भाषांतर तंतोतंत जुळलं, तरी प्रश्नावली अडते ती कुठे?

प्रश्न: "नमस्कार. मी धुळ्याला फिजिओथेरपीत एम.पी.टी. करतोय. गुडघ्याच्या झिजेमुळे रोजच्या कामांत किती अडचण येते हे मोजणारी १७ प्रश्नांची एक इंग्रजी मापनी मराठीत आणली आहे. मूळ लेखकांची परवानगी आहे. मराठीवरून परत इंग्रजीत केलेलं उलट-भाषांतर मूळ इंग्रजीशी जवळजवळ शब्दशः जुळलं. ३० जणांची पायलट झाली, क्रोनबाख अल्फा ०.९१ आला. गाईड म्हणतात, आता पुढे जा. पण साक्री-शिंदखेड्याकडच्या बाया फॉर्म भरताना अडखळतात आणि बऱ्याच जणी सगळीकडे 'मध्यम'वर खूण करतात. काही चुकलंय का, की एवढं चालतं?"

उत्तर:

पुढे जाऊ नका, निदान अजून तरी. तुम्ही ज्या दोन गोष्टींवर विसंबून आहात, उलट-भाषांतर आणि अल्फा, त्यांतली एकही त्या बाईला प्रश्न काय कळला हे विचारत नाही. तुम्हाला जे खटकतंय ते मात्र नेमकं तिथलंच आहे, त्यामुळे तुमच्या नजरेवर जास्त भरवसा ठेवा.

आधी अल्फाचं संपवू, कारण त्यात फार काही नाही. अल्फा एवढंच सांगतो की एका माणसाची १७ उत्तरं एकमेकांसोबत चालतात. प्रश्न जितके जास्त, तितका तो आपोआप वर सरकतो. त्यातून एखादी बाई सगळीकडे 'मध्यम', दुसरी सगळीकडे 'तीव्र' आणि तिसरी सगळीकडे 'सौम्य' अशी खूण करत गेली, तर अल्फा खाली येत नाही, उलट चढतो. म्हणजे तुम्हाला जे लक्षण म्हणून दिसतंय, तेच त्या आकड्याला फुगवत असण्याची शक्यता आहे. ३० फॉर्म समोर पसरा आणि किती जणींनी सलग दहा-बारा प्रश्नांना एकाच रकान्यात खूण केली आहे ते डोळ्यांनी मोजा. त्याला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

आता उलट-भाषांतर. ही पद्धत ब्रिस्लिन यांच्या १९७०च्या लेखानंतर रूढ झाली. आज बहुतेक विद्यार्थी जो मार्ग पाळतात तो बीटन आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'स्पाइन' या नियतकालिकात मांडला: दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा एक मेळ, मूळ न पाहिलेल्या दोघांकडून उलट-भाषांतर, मग तज्ज्ञ समिती आणि शेवटी ३० ते ४० जणांवर पूर्वचाचणी. तुमच्या गाईडचा ३०चा आकडा इथूनच आला असणार. पण त्याच लेखात पूर्वचाचणीचं वर्णन असं आहे की प्रत्येकाने फॉर्म भरायचा आणि नंतर त्याची मुलाखत घ्यायची: प्रत्येक प्रश्नाचा अर्थ काय लावला, हे उत्तर का निवडलं. आपल्याकडच्या प्रबंधांत आकडा टिकला आणि मुलाखत गळाली. तुमच्याही बाबतीत तेच झालंय असं मला दिसतं.

उलट-भाषांतर जुळलं म्हणजे मराठी चांगली, असं समजण्यात एक मोठा धोका आहे. मराठी जितकी शब्दाला शब्द ठेवून केलेली, तितकं ते जास्त सुरेख जुळतं. अशा मापन्यांत हमखास असणारा एक प्रश्न घ्या: 'हेवी डोमेस्टिक ड्यूटीज', कंसात जड खोकी हलवणं, फरशी घासणं वगैरे. भाषांतरकाराने लिहिलं, 'जड घरगुती कामे (जड खोकी हलवणे, फरशी घासणे इत्यादी)'. उलट-भाषांतरकार इंग्रजी शिकलेला असतो. त्याला 'जड घरगुती कामे' वाचल्याबरोबर त्यामागचं इंग्रजी दिसतं आणि तो अचूक 'हेवी डोमेस्टिक ड्यूटीज' लिहितो. समिती समाधानी होते. पण घरात 'जड घरगुती कामे' असं कोण बोलतं? आणि धुळे जिल्ह्यातल्या घरात कोणती खोकी हलवायची?

असा प्रश्न विचारल्यावर काय होतं ते जवळून बघा. फॉर्म भरून झाला आहे, बाईंनी या प्रश्नाला 'अडचण नाही'वर खूण केली आहे. मुलाखत घेणारी विचारते, "मावशी, हा प्रश्न वाचला तेव्हा यात काय विचारलंय असं वाटलं?" उत्तर येतं, "जड काम करता का म्हणून." "जड काम म्हणजे कोणतं काम डोळ्यासमोर आलं?" "पोतं उचलनं. ते पोरगा करतो." "मग अडचण नाही म्हणालात ते कशावरून?" त्यावर मावशी अहिराणीत येतात: "मी उचलतच नही, ते तरास कसाना?" आता पुढचा प्रश्न विचारायचा: "घरात फरशी कोण पुसतं?" "मीच, रोज." "कशी पुसता?" उकिडवं बसून. "आणि उठताना?" खाटेचा गात धरून, दोनदा जोर लावून.

म्हणजे या बाईला जी हालचाल त्रास देते, तीच मूळ प्रश्नाला मोजायची होती आणि तुमच्या फॉर्मवर तिथे शून्य पडलं. यात बाईंची चूक नाही. त्यांना जो प्रश्न दिसला त्याचं खरं उत्तर त्यांनी दिलं. उलट-भाषांतर यात काहीच पकडू शकत नाही, कारण ते भाषांतरकाराची परीक्षा घेतं, भरणाऱ्याची नाही. ते कशाला उपयोगी पडतं तेही सांगते: गळलेला नकार, उलटा झालेला अर्थ, 'जिना चढणे' आणि 'जिना उतरणे' यांची अदलाबदल, एखादा वगळलेला शब्द. अशा चुका त्यात लगेच दिसतात, म्हणून ते करायचंच. फक्त ते जुळलं की थांबायचं नाही. जुळणी फारच नेटकी असेल तर मी मराठी मसुदा इंग्रजी न येणाऱ्या एखाद्या माणसाला मोठ्याने वाचायला देते. वाचणारा जिथे अडखळतो किंवा एकच ओळ परत वाचतो, तिथे पेन्सिलची खूण करायची.

उलट-भाषांतरकार कोण हवा, यावरही थोडं बोलायला हवं. नियमाप्रमाणे त्याची मातृभाषा मूळ मापनीची, म्हणजे इंग्रजी, असावी आणि वैद्यकीय पार्श्वभूमी नसावी. जळगाव-धुळ्यात पहिली अट पाळणं बहुधा जमत नाही. इंग्रजी माध्यमात शिकलेला, इंग्रजीत रोज लिहिणारा मराठी माणूस चालवून घ्यावा आणि तसं प्रबंधात लिहावं. दुसऱ्या अटीवर मात्र तडजोड करू नका. तुमच्याच विभागातला ज्युनिअर घेतलात तर 'गुडघा' आणि 'जिना' वाचून त्याला मूळ मापनी आठवते. मग तो मराठीचं भाषांतर करत नाही, आठवणीतलं इंग्रजी उतरवतो. तुमचं जवळजवळ शब्दशः जुळण्याचं कारण हे तर नाही ना, ते एकदा तपासा.

आता दुसरा प्रश्न, जो या सगळ्यात सर्वांत अवघड आहे: बाथटबमध्ये शिरणं आणि बाहेर येणं. इथे टब नाही, म्हणून बहुतेक भाषांतरकार 'आंघोळीला जाणे-येणे' लिहून मोकळे होतात. हे चुकीचं आहे, कारण आंघोळीला चालत जाण्यात गुडघ्यावर काहीच विशेष ताण नाही. मूळ प्रश्न दोन हालचाली एकत्र विचारतो. एक, दीडेक फुटाची कड पाय उचलून ओलांडणं. दोन, जवळपास जमिनीच्या पातळीवर बसणं आणि तिथून उठणं. आपल्याकडे पहिलीच्या जवळ जाणारं म्हणजे मोरीचा कठडा ओलांडणं, पण तो चार-सहा इंचांचा असतो, म्हणजे काम फारच सोपं झालं. दुसरीच्या जवळ जाणारं म्हणजे पाटावर बसून आंघोळ करणं आणि उठणं. हे टबाच्या जवळपास किंवा त्याहून थोडं अवघड.

यातलं कोणतं घ्यायचं हे टेबलाशी बसून ठरत नाही. बाकीच्या १६ प्रश्नांत खाली बसून उठण्याचा दुसरा प्रश्न आहे का ते पाहा. असेल तर पाटाचा प्रश्न तेच पुन्हा मोजेल. नसेल तर पाट घ्या. मग मूळ लेखकांना मेल करून सरळ विचारा की या प्रश्नातून त्यांना नेमकी कोणती हालचाल हवी होती. बऱ्याच मापन्यांसोबत प्रत्येक प्रश्नामागचा हेतू सांगणारा कागद असतो. नसेल तर तो तुम्ही १७ ओळींत स्वतः लिहा, त्यांच्याकडून तपासून घ्या आणि तो कागद भाषांतरकारांच्या आणि समितीच्या हातात द्या. माझ्या मते हा कागद उलट-भाषांतरापेक्षा जास्त दोष वाचवतो.

बदल केला की त्याची किंमतही मोजावी लागते. पाटाचा प्रश्न टबाच्या प्रश्नापेक्षा अवघड असेल, तर तुमच्या रुग्णांची एकूण बेरीज परदेशातल्या रुग्णांच्या बेरजेशी सरळ तुलना करण्याजोगी राहत नाही. एकाच रुग्णाची उपचाराआधीची आणि नंतरची तुलना मात्र चालते. तुमचा हेतू दुसरा असेल तर निर्धास्त बदला. पहिला असेल तर कमीत कमी बदला आणि पुढे मोठ्या नमुन्यावर प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी तपासा.

इथे एक मोह होतो: मांडी घालून बसणं, उकिडवं बसून निंदणी करणं, कापूस वेचणीत तासन्‌तास वाकून उभं राहणं, हे आपल्या रुग्णांचे खरे त्रास मूळ मापनीत नाहीत, मग घालून टाकू. घालू नका. १७च्या जागी २० प्रश्न झाले की ती दुसरी मापनी झाली. तुमची परवानगी आणि गुणांकनाची पद्धत तिला लागू होत नाही. मुलाखतीत हे त्रास वारंवार आले तर ते तीन-चार प्रश्न वेगळ्या पानावर, वेगळ्या गुणांनी, पुरवणी म्हणून ठेवा.

'मध्यम'वरच्या खुणांकडे येते. याची तीन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिलं, उत्तरांचे पर्याय लोकांच्या बोलण्यातले नाहीत. 'सौम्य', 'मध्यम', 'तीव्र', 'अतितीव्र' यांतला फक्त 'मध्यम' शब्द रोजच्या कानावरचा आहे, म्हणून तो सुरक्षित वाटतो. हे तपासायला पाच चिठ्ठ्या करा, एकेका चिठ्ठीवर एकेक पर्याय, त्या मिसळून बाईंसमोर ठेवा आणि म्हणा, "सगळ्यात कमी त्रासापासून सगळ्यात जास्त त्रासापर्यंत लावून द्या." वाचता येत नसेल तर दोन-दोन पर्याय तोंडी सांगून "यातलं जास्त कोणतं?" असं विचारा. आठ-दहा जणांत कोणते दोन शब्द आलटून पालटून लागतात ते लगेच कळतं. 'खूप' आणि 'फार' एकाच मापनीत शेजारी ठेवले की क्रम हमखास बिघडतो. 'बऱ्यापैकी'ही टाळा. काहींना तो 'बराच त्रास' वाटतो आणि काहींना 'बरं आहे'.

पर्याय सोपे करताना एक काळजी घ्या. शेवटचा पर्याय 'इतका की करताच येत नाही' असा लिहायचा मोह होईल, कारण तो सगळ्यांना कळतो. पण मूळ मापनीत शेवटचा पर्याय कमालीच्या अडचणीचा असेल आणि तुम्ही तो अशक्यतेचा केलात, तर त्रासाने बेजार असूनही काम करणारी बाई एक पायरी खाली जाईल. आणि आपल्याकडे काम सोडण्याची सोय फार कमी जणींना असते. "काम ते करनंच पडस ना," हे वाक्य मुलाखतीत इतकं येतं की 'करताच येत नाही'वर खूण पडणं दुर्मीळच. 'अतिशय जास्त त्रास, पण तरी करते' अशी तोंडी स्पष्टता मुलाखतकाराच्या कागदावर ठेवता येते.

दुसरं कारण, जे काम ती करतच नाही त्याला काय उत्तर द्यायचं हे फॉर्म सांगत नाही. 'कारमध्ये बसणे-उतरणे' हा प्रश्न घ्या. साक्रीच्या बाजूच्या गावातली बाई मागच्या सात दिवसांत कारमध्ये बसलेलीच नाही. ती एक तर 'अडचण नाही' म्हणेल, नाही तर मध्येच कुठेतरी खूण करून पुढे जाईल. हे तुमच्या जुन्या फॉर्ममध्येही शोधता येतं: जिना चढायला 'तीव्र' आणि खुर्चीतून उठायला 'तीव्र' लिहिणारी बाई कारला शून्य देत असेल, तर ते शून्य गुडघ्याचं नाही, प्रश्नाचं आहे. उपाय म्हणून इथे वाहन बदलणं योग्य. एसटीची पायरी फार उंच असते, त्यामुळे ती कारच्या जागी बसत नाही. रिक्षात बसणं-उतरणं उंचीच्या दृष्टीने जवळचं आहे आणि सर्वांच्या अनुभवातलंही आहे. आणि एकूणच 'हे काम केलं नाही' अशी नोंद कशी करायची, ती गुणांकनात रिकामी जागा धरायची की कसं, हे मूळ मापनीच्या गुणांकन सूचनेत बघून मुलाखतकारांना लिहून द्या. प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवायचं नाही.

तिसरं कारण सगळ्यात साधं: बाईंना कंटाळा आला, किंवा शेजारी मुलगा बसलाय. मुलगा "अहो, आईला फारसा त्रास नाही" म्हणाला की आई मध्यमावर येते. ओपीडीत त्याला केसपेपर काढायला पाठवा.

या तिघांतलं तुमच्याकडे कोणतं आहे ते मी इथून सांगू शकत नाही, ते मुलाखतीतूनच कळेल. मुलाखत कशी घ्यायची त्याबद्दल माझी पद्धत अशी. "समजलं का?" हा प्रश्न पूर्ण बंद. त्याला सगळे "हो" म्हणतात, डॉक्टरांसमोर तर नक्कीच. मोठ्याने विचार करत उत्तर द्या, ही पुस्तकातली रीत शिकलेल्या तरुणांना जमते. साठीच्या पुढच्या बायांना ती विचित्र वाटते. त्याऐवजी तीनच प्रश्न: हा प्रश्न तुमच्या शब्दांत मला सांगा. उत्तर देताना कोणतं काम डोळ्यासमोर आलं? 'थोडा' म्हणालात, मग 'खूप' का नाही? एका बाईला १७ही प्रश्नांवर हे विचारायला गेलात तर ती उठून जाईल, आणि बरोबरच करेल. फॉर्म पूर्ण भरून घ्या, पण खोदून विचारायचे प्रश्न सहा-सात ठेवा आणि ते फिरते ठेवा, म्हणजे एका फेरीत प्रत्येक प्रश्नावर निदान सात-आठ जणांचं बोलणं जमेल.

नोंद करताना प्रत्येक प्रश्नापुढे चारपैकी एक शेरा लिहायचा: हेतूप्रमाणे समजला, वेगळाच समजला, काम न करताच उत्तर दिलं, उत्तर टाळलं. आणि शेजारी बाईंचे शब्द जसेच्या तसे, शुद्ध न करता. एका फेरीत दोघी-तिघी एकाच दिशेने घसरल्या तर प्रश्न बदलतो. एकटीच घसरली तर नोंद ठेवून पुढची फेरी बघते. बदललेला प्रश्न पुन्हा नव्या माणसांवर. बहुतेकदा दुसऱ्या फेरीत चित्र स्वच्छ होतं आणि तिसरीत नवीन काही सापडत नाही. तिथे थांबायचं, आकडा ३० झाला म्हणून नव्हे. बदललेल्या प्रश्नांचं उलट-भाषांतर परत करायला विसरू नका. तेवढ्याच प्रश्नांचं पुरे.

'मागच्या आठवड्यात' या शब्दांवरही लक्ष ठेवा. काही जण सोमवार ते रविवार धरतात, काही आजपासून मागे मोजतात, आणि गावात आठवडा बाजारापासून बाजारापर्यंत धरणारेही भरपूर. 'आजपासून मागचे सात दिवस' असं लिहा आणि मुलाखतकाराने सुरुवातीलाच "म्हणजे मागच्या अमुक वारापासून आजपर्यंत" अशी खूणगाठ बांधून द्यावी. याच कारणाने पायलट कधी घेता त्यालाही महत्त्व आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दिवसांत सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, त्यांच्या हातून घरकामच होत नसतं. त्या सात दिवसांचं उत्तर त्यांच्या एरवीच्या आठवड्याचं नसतं. कापूस वेचणीच्या हंगामात नेमकं उलट.

आणि आता अहिराणी, ज्याबद्दल प्रबंधांत बहुधा एक ओळही नसते. तुमच्या फॉर्मवर प्रमाण मराठी आहे, पण वाचून दाखवणारी मुलगी ओपीडीत मावशींना कळावं म्हणून ते अहिराणीत सांगते. तिची मदत करण्याची इच्छा चांगलीच आहे, पण तिने त्या क्षणी केलेलं भाषांतर कुठल्याही समितीने पाहिलेलं नाही आणि दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा वेगळंच सांगतो. म्हणजे ३० फॉर्म एका मापनीचे नाहीत. जनगणनेतसुद्धा अहिराणी ज्या खानदेशीत धरली जाते ती वेगळी भाषा म्हणून मोजली जाते, त्यामुळे 'बोलीच तर आहे' म्हणून हे सोडून देता येत नाही.

यावर दोन प्रामाणिक रस्ते आहेत. एक, मापनी फक्त प्रमाण मराठी वाचणाऱ्यांसाठी आहे असं जाहीर करायचं आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना नमुन्यात घ्यायचं नाही. सोपं आहे, पण गुडघेदुखीच्या तुमच्या बऱ्याच रुग्ण बाया बाहेर राहतील. दोन, फॉर्म मराठीच ठेवायचा, पण मुलाखतकाराच्या प्रतीवर प्रत्येक प्रश्नाखाली एक ठरलेलं अहिराणी वाक्य छापायचं, समितीने तपासलेलं, आणि वाचून दाखवताना मराठी वाक्यानंतर फक्त तेवढंच म्हणायचं. मी दुसरा रस्ता सुचवेन. समितीत दोन-तीन फिजिओ आणि एक भाषेचे प्राध्यापक असतातच. त्यांच्याबरोबर त्या तालुक्यातली एखादी आशाताई घ्या. 'खाली बसणं' म्हणजे पाटावर, जमिनीवर की उकिडवं, हा फरक बाकीच्यांच्या आधी तिच्या लक्षात येतो. जिल्हा बदलला की हे पुन्हा बघावं लागेल: यावल-रावेरकडे लेवा बोली आहे, आणि नंदुरबारमधल्या भिली किंवा पावरी बोलणाऱ्यांना या मापनीत धरूच नका. त्यांच्यासाठी ते वेगळं काम आहे.

आता तुमच्याकडच्या ३० फॉर्मचं काय? ते फेकू नका, पण वैधतेच्या अभ्यासातही मिसळू नका. त्यांच्यावर दोन गोष्टी करा. सलग एकाच रकान्यातल्या खुणा आणि न पटणारी शून्यं शोधा, आणि त्यावरून सर्वांत संशयास्पद पाच-सहा प्रश्न काढा. पहिल्या फेरीत त्यांनाच आधी हात घाला. मग वीसेक जणांची मुलाखत फेरी, दुरुस्ती, आणखी एक फेरी, आणि त्यानंतरच्या आवृत्तीवर ३० ते ४० जणांची पूर्वचाचणी. त्यात वयाने आणि शिक्षणाने वेगवेगळे लोक हवेत, नुसते ओपीडीत सहज सापडणारे नकोत. निम्मे तरी न वाचता येणारे असू द्या, कारण अडतं ते तिथेच.

गाईडना पटवायचं असेल तर वाद घालू नका. दोन फॉर्म आणि त्यांच्याशेजारी त्याच दोघींच्या मुलाखतीची नोंद टेबलावर ठेवा, वर लिहिलेल्या फरशी पुसणाऱ्या बाईंसारखी. बीटन यांच्या लेखातला पूर्वचाचणीचा परिच्छेद सोबत जोडा. प्रबंधाला यातून एक तक्ताही मिळतो: प्रश्न क्रमांक, मूळ हेतू, पहिली मराठी, कोणी काय समजलं, अंतिम मराठी, बदलाचं कारण. परीक्षक हाच तक्ता बघतात, अल्फा सगळ्यांचाच चांगला येतो.

एक कागदी बाब राहिली. तुमच्या एथिक्स कमिटीच्या अर्जात मुलाखती आणि त्यांचं ध्वनिमुद्रण लिहिलेलं नसेल, तर आधी दुरुस्तीचं पत्र द्या आणि संमतिपत्रात तसं वाक्य घाला. ते संमतिपत्रही वाचून दाखवायचं आहे, तेव्हा त्याचीही एकदा अशीच परीक्षा घ्या. टब आणि कारच्या प्रश्नांतले बदल मूळ लेखकांना तक्त्यासह पाठवून त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत अंतिम प्रत छापायला देऊ नका. काही लेखक एक प्रश्न परत मूळ रूपात ठेवायला सांगतात आणि मग छापलेले फॉर्म तुमच्याच कपाटात राहतात.